पंपांच्या मॅन्युअलचं स्पॅनिश भाषांतर: ग्लॉसरी आणि स्टाईल गाईड कशी बांधायची

प्रश्न: आम्ही ठाण्यातले तिघं जण रबाळ्याच्या एका पंप कंपनीची मॅन्युअलं इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये करतोय. माल मेक्सिको आणि चिलेला जातो. सहा मॅन्युअलं आहेत, दोन झाली. आता लक्षात येतंय की एकाच पार्टला तिघांनी तीन नावं दिलीत. एक्सेलमध्ये ग्लॉसरी केली होती, ती नऊशे ओळींची झाली आणि आता ती कोणी उघडतच नाही. ग्लॉसरी आणि स्टाईल गाईड नेमकी कशी करायची, की शेवटपर्यंत शब्द एकसारखे राहतील?

उत्तर:

ती नऊशे ओळींची फाईल सध्या बाजूला ठेवा आणि कंपनीकडून पंपाचं सेक्शनल ड्रॉईंग मागवा. म्हणजे पंप मधोमध कापल्यासारखं दाखवलेलं चित्र, ज्यात प्रत्येक भागाला आकडा दिलेला असतो. अनेक सेंट्रिफ्यूगल पंपांच्या ड्रॉईंगवर हे आकडे डीआयएन २४२५० या जर्मन मानकाप्रमाणे असतात. २१० म्हणजे शाफ्ट, २३० इम्पेलर, ४३३ मेकॅनिकल सील, ४६१ ग्लँड पॅकिंग, ५०२ वेअर रिंग, ५२४ शाफ्ट स्लीव्ह. तुमच्या कंपनीची आकड्यांची पद्धत वेगळी असेल तर तिचा पार्ट नंबर घ्या. आकडा कोणता याला महत्त्व नाही, तो सहाही मॅन्युअलांत बदलणार नाही एवढंच हवं. ग्लॉसरीची प्रत्येक ओळ या आकड्याला बांधा.

याचं कारण तुमच्या मूळ इंग्रजीत आहे. आपल्याकडच्या कारखान्यांतली मॅन्युअलं बहुधा एका हातची नसतात. इन्स्टॉलेशनचं प्रकरण एकाने लिहिलेलं, मेंटेनन्सचं दुसऱ्याने, स्पेअर पार्ट्सची यादी तिसऱ्याच विभागातून आलेली. त्यामुळे ५२४ नंबरचा तोच तुकडा एका पानावर ‘शाफ्ट स्लीव्ह’, दुसऱ्यावर नुसता ‘स्लीव्ह’ आणि तिसऱ्यावर ‘प्रोटेक्टिंग स्लीव्ह’ होतो. यादी इंग्रजी शब्दांवरून केली की याच्या तीन ओळी होतात, तीन भाषांतरकार त्यांना तीन स्पॅनिश नावं देतात, आणि प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबरही असतं. ओळ वस्तूची असेल तर तिन्ही इंग्रजी नावं एकाच जागी येतात आणि समोर स्पॅनिश शब्द एकच राहतो.

उलटा प्रकार जास्त त्रासाचा. इंग्रजी ‘पॅकिंग’ तुमच्या मॅन्युअलात किमान दोन गोष्टींसाठी आला असेल: शाफ्टभोवती गळती रोखायला भरलेली ती दोरीसारखी ग्लँड पॅकिंग, आणि पंप पाठवतानाचं लाकडी खोक्यातलं पॅकिंग. त्यातून मेक्सिकोत ‘एम्पाके’ हा शब्द गॅस्केटलाही लावतात आणि माल बांधण्यालाही. म्हणजे एक स्पॅनिश शब्द तीन वस्तूंवर बसू शकतो, आणि वाचणाऱ्या फिटरला कोणती म्हणायची आहे ते कळायला मार्ग नाही. अशा वेळी तो शब्द तिन्हीकडून काढून टाकायचा: गॅस्केटला ‘हुन्ता’, ग्लँड पॅकिंगला ‘एम्पाकेतादुरा’ आणि खोक्यातल्या पॅकिंगला ‘एम्बालाहे’. ग्लॉसरीत या तीनही ओळींवर ‘एम्पाके’ नको अशी नोंद करायची. ही नकाराची नोंद माझ्या मते स्पॅनिश शब्दाइतकीच कामाची असते. तुमच्यातल्या कोणाला तरी तो शब्द आठवणारच आहे, आणि तो आधीच विचार करून बाजूला ठेवलाय हे त्याला तिथेच दिसायला हवं.

आता कोणती स्पॅनिश हे ठरवा. मुंबई-पुण्याकडे बरेच जण स्पेनमध्ये छापलेल्या पुस्तकांतून शिकतात, म्हणून हाताला आधी स्पेनचे शब्द येतात. इम्पेलरला ‘रोदेते’, मेकॅनिकल सीलला ‘सिएर्रे मेकानिको’, डिस्चार्जला ‘इम्पुल्सिओन’. शब्द चुकीचे नाहीत, पण लॅटिन अमेरिकेत पंपवाल्यांच्या तोंडी अनुक्रमे ‘इम्पुल्सोर’, ‘सेयो मेकानिको’ आणि ‘देस्कार्गा’ जास्त असतात. तुमच्या कामात हा निर्णय तर सोपाच आहे.

अवघड आहे ते मेक्सिको आणि चिले यांच्यात. शाफ्टला मेक्सिकोत ‘फ्लेचा’ म्हणतात, चिलेत ‘एहे’. नटाखालच्या वॉशरला मेक्सिकोत ‘रोंदाना’, चिलेत ‘गोलिया’. एकच मॅन्युअल दोन्हीकडे जाणार असेल तर जो शब्द दोन्ही देशांत समजतो तो घ्या, भले तो तिथल्या वर्कशॉपमध्ये रोज बोलला जात नसेल. ‘एहे’ मेक्सिकोच्या फिटरला कळतो, चिलेच्या फिटरला ‘फ्लेचा’ म्हणजे बाण वाटेल. वॉशरला ‘आरांदेला’ दोन्हीकडे चालतो. फक्त स्पेअर पार्ट्सच्या यादीत मी अपवाद करते. तिथे ‘आरांदेला’पुढे कंसात दोन्ही स्थानिक नावं एकदाच द्यायची, कारण ती यादी घेऊन माणूस दुकानात जातो.

हेडचा प्रश्न वेगळा आहे. पंपाचं हेड म्हणजे मीटरमधली उंची. त्याला मेक्सिकोत ‘कार्गा’ म्हणतात, चिलेत ‘आल्तुरा’. पण ‘कार्गा’चा अर्थ भारही होतो, आणि तुमच्याच मॅन्युअलात मोटरचा लोड आणि बेअरिंगवरचा लोड येतोच. म्हणून ‘आल्तुरा’ घ्या, आणि प्रत्येक मॅन्युअलात पहिल्यांदा येईल तिथे कंसात ‘कार्गा’ लिहा. शिवाय बोल्टचं हेड ही वेगळी वस्तू, तिची ओळ वेगळी.

हे निर्णय कोणी घ्यायचे? इथे दोन वेगळे प्रश्न असतात आणि ते दोन वेगळ्या माणसांना विचारायचे असतात. ‘ही वस्तू नेमकी कोणती’ हे रबाळ्याचा इंजिनिअर सांगेल. ‘तिला तिकडे काय म्हणतात’ हे मेक्सिकोचा आणि चिलेचा डीलर सांगेल. इंजिनिअरला स्पॅनिश येत नाही आणि डीलरने इंग्रजी मॅन्युअल वाचलेलं नसतं, म्हणून डीलरला इंग्रजी शब्द कधीच पाठवू नका. ड्रॉईंगचा तुकडा, पार्टचा आकडा आणि तुमच्या मनातले दोन पर्याय पाठवा. मेक्सिको सिटी आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे, त्यामुळे संध्याकाळी पाठवलेला प्रश्न त्यांच्याकडे सकाळी पोचतो आणि आपण उठेपर्यंत उत्तर आलेलं असतं. उत्तर येईपर्यंत काम थांबवू नका. तात्पुरता शब्द लिहा आणि ग्लॉसरीत त्या ओळीवर ‘प्रोव्हिजनल’ अशी खूण ठेवा, म्हणजे नंतर कुठल्या ओळी पक्क्या करायच्या ते शोधावं लागत नाही. इंजिनिअरसाठी मात्र एकदा स्वतः जाच. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीच्या पुढचंच स्टेशन. उघडलेला पंप पाहिला, ५२४ नंबरची स्लीव्ह शाफ्टवरून ओढून काढताना पाहिली, की ड्रॉईंगवर तासन्‌तास न सुटणारे प्रश्न जागेवर सुटतात.

ओळीचा आकार लहान ठेवा. ओमेगाटी या भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्लॉसरी ही टॅबने वेगळी केलेली साधी टेक्स्ट फाईल असते, तीन रकान्यांची: मूळ शब्द, भाषांतर, टिपण. ती प्रोजेक्टच्या `glossary` फोल्डरमध्ये ठेवली की वाक्य उघडल्यावर बाजूच्या खिडकीत आपोआप दिसते. कोणाला फाईल उघडायची आठवण ठेवावी लागत नाही, आणि तुमच्या एक्सेलचं दुखणं तेच होतं. टिपणात आधी पार्टचा आकडा, मग लिंग, मग नको असलेले शब्द. एकाच वस्तूची वेगवेगळी इंग्रजी नावं या फाईलमध्ये वेगळ्या ओळींत येतात, पण आकडा आणि स्पॅनिश शब्द तोच ठेवा.

```
shaft	eje	210, m. NO: flecha, árbol
impeller	impulsor	230, m. NO: rodete
mechanical seal	sello mecánico	433, m. NO: cierre
gland packing	empaquetadura	461, f. NO: empaque
shaft sleeve	camisa del eje	524, f. NO: manguito
protecting sleeve	camisa del eje	524, f. = shaft sleeve
washer	arandela	f. NO: rondana, golilla
```

लिंग लिहायला आळस करू नका. कंट्रोल पॅनलवरचे सुटे शब्द, ‘ओपन’, ‘क्लोज्ड’, ‘लॉक्ड’, हे ज्या वस्तूबद्दल आहेत तिच्या लिंगाप्रमाणे बदलतात. पॅनलची स्ट्रिंग भाषांतर करणाऱ्यासमोर ती वस्तू नसते, नुसता शब्द असतो.

किती ओळी? पंपांच्या सहा मॅन्युअलांसाठी मी दीडशे ते दोनशेच्या पुढे जाऊ देणार नाही. ज्याला दोन वाजवी पर्याय आहेत, किंवा जो चुकला तर माणूस जखमी होईल वा भलताच पार्ट मागवला जाईल, तेवढेच शब्द आत. ‘मोटर’, ‘तेल’, ‘पाणी’ यांच्यावर तुमच्यापैकी कोणीच अडणार नाही, त्यांची ओळ नको.

मात्र क्रियापदं आत घ्या. बहुतेक ग्लॉसऱ्यांत नुसती नामं असतात आणि मॅन्युअलात सगळ्यात जास्त विस्कळीतपणा क्रियापदांचा असतो. ‘टाईट करणे’ आणि ‘ॲडजस्ट करणे’ घ्या. लॅटिन अमेरिकेत ‘आहुस्तार’ हे क्रियापद बोलताना दोन्हीसाठी वापरलं जातं. आता एका वाक्यात कपलिंगची अलाईनमेंट ॲडजस्ट करायची आहे आणि पुढच्यात बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळायचे आहेत, आणि दोन्हीकडे ‘आहुस्तार’ आहे. फिटर बोल्ट नुसते हलवून बघेल की टॉर्क रेंच घेईल, हे त्या वाक्यावरून ठरत नाही. म्हणून आवळण्याला नेहमी ‘आप्रेतार’, आणि ‘आहुस्तार’ फक्त जुळवणीला. तसंच ‘चेक’चं. मोजून खात्री करायची तिथे ‘वेरिफिकार’, नजरेने तपासायचं तिथे ‘इन्स्पेक्सिओनार’. आणि ‘चेक व्हॉल्व्ह’ ही वस्तू आहे, ‘चेक द व्हॉल्व्ह’ ही क्रिया आहे. घाईत काम करताना हे दोन्ही एकमेकांत मिसळतात, म्हणून दोन्हींच्या ओळी एकाखाली एक ठेवा.

आता स्टाईल गाईड. ती तीन पानांच्या वर गेली की कोणी वाचत नाही, आणि व्याकरणाच्या पुस्तकात असलेलं तिच्यात परत लिहायची गरजही नाही. तुमच्यात जिथे मतभेद होऊ शकतात तेवढंच लिहायचं. पहिला मतभेद सूचनांचा. ‘पंप बंद करा’ हे स्पॅनिशमध्ये ‘उस्तेद’च्या आज्ञार्थाने लिहिता येतं किंवा नुसत्या मूळ क्रियापदाने. दोन्ही रूपं मॅन्युअलांत चालतात, एकाच पानावर दोन्ही चालत नाहीत. मी पायऱ्यांना आणि इशाऱ्यांना ‘उस्तेद’चा आज्ञार्थ घेते, कारण निषेधाच्या वाक्यातही तो स्वच्छ राहतो. दुसरा मतभेद शीर्षकांचा. इंग्रजीत ‘डिसमँटलिंग द पंप’ असतं म्हणून स्पॅनिशमध्येही तसंच क्रियेचं चालू रूप लिहिण्याचा मोह होतो. ते स्पॅनिश वाचकाच्या कानाला खटकतं. शीर्षक नामाने करायचं आणि त्यातलं फक्त पहिलं अक्षर मोठं ठेवायचं, प्रत्येक शब्दाचं नाही.

```
Dismantling the Pump
SÍ:  Desmontaje de la bomba
NO:  Desmontando la Bomba
```

स्टाईल गाईडमधला प्रत्येक नियम असा ‘सी’ आणि ‘नो’च्या जोडीने लिहा. नुसतं ‘शीर्षकं नामरूपात असावीत’ एवढं लिहिलं तर तिघं तीन अर्थ काढतील.

इशाऱ्यांचे शब्द स्टाईल गाईडच्या पहिल्या पानावर हवेत. अमेरिकन मानक एएनएसआय झेड५३५ च्या चार पायऱ्या बऱ्याच मॅन्युअलांत असतात. ‘डेंजर’ म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, ‘वॉर्निंग’ म्हणजे होऊ शकते, ‘कॉशन’ म्हणजे किरकोळ ते मध्यम इजा, आणि ‘नोटीस’ म्हणजे माणसाला धोका नाही, मशीनचं नुकसान. त्यांना क्रमाने ‘पेलिग्रो’, ‘आद्वेर्तेन्सिया’, ‘प्रेकाउसिओन’ आणि ‘आविसो’ असे चार शब्द बांधून टाका. ‘आतेन्सिओन’ हा शब्द पूर्ण बंद करा, कारण तो कोणी कॉशनला वापरतो, कोणी वॉर्निंगला, आणि पायरीच हरवते. मूळ इंग्रजीत ‘नोट’ आणि ‘नोटीस’ यांची सरमिसळ झालेली असेल तर प्रत्येक ठिकाणी इंजिनिअरला विचारायचं: हे न पाळल्यास काही बिघडतं का? बिघडत असेल तर ‘आविसो’, नाही तर ‘नोता’.

आकड्यांचा नियमही असाच आधी ठरवावा लागतो. दशांशासाठी मेक्सिकोत बिंदू आहे, चिलेत स्वल्पविराम. हजारांसाठी चिलेत बिंदू वापरतात, म्हणून ‘१.४५० आरपीएम’ हे तिथे चौदाशे पन्नास आणि मेक्सिकोत दीडच्या आसपास. स्पॅनिश अकादमीच्या २०१० च्या शुद्धलेखनाप्रमाणे चार अंकी संख्येत काहीच टाकायचं नाही आणि पाच अंकांपासून पुढे तीन-तीनच्या गटांत मोकळी जागा सोडायची. ते पाळलं की हजारांचा घोळ संपतो. दशांशाला तीच अकादमी दोन्ही चिन्हं मान्य करते, पण शिफारस बिंदूची करते. पंपाच्या नेमप्लेटवर बिंदू आहे का बघा. असेल तर मॅन्युअलातही बिंदूच ठेवा आणि सुरुवातीच्या पानावर एका वाक्यात ते सांगा. नेमप्लेटवर एक आणि मॅन्युअलात दुसरं हे सगळ्यात वाईट.

आता तुमच्यासमोर येणारच आहे अशी गोष्ट: अर्ध्या कामात शब्द बदलणं. समजा शाफ्ट स्लीव्हला तुम्ही दोन मॅन्युअलांत ‘मांगितो’ लिहिलं आणि दोन्ही डीलर म्हणाले ‘कामीसा’ हवं. ‘मांगितो’ पुल्लिंगी, ‘कामीसा’ स्त्रीलिंगी. एका झटक्यात सगळीकडे बदल केला तर आर्टिकल आणि विशेषण जुन्या लिंगाचंच राहतं.

```
antes:   Retire el manguito desgastado.
mal:     Retire el camisa desgastado.
bien:    Retire la camisa desgastada.
```

म्हणून बदल आंधळा करायचा नाही. आधी ग्लॉसरीची ओळ बदला, जुना शब्द ‘नको’च्या यादीत टाका आणि तारीख लिहा. मग ‘मांगितो’ असलेली वाक्यं शोधून एकेक हाताने बदला. एका मॅन्युअलात ती काही पानांचीच असतात. झाल्यावर राहून गेलेलं पकडायला रेग्युलर एक्स्प्रेशनने शोधा:

```
\b(el|los|del|al|un|este|estos) camisas?\b
\bcamisas?( del eje)? \w+(ado|ados|ido|idos)\b
```

पहिली ओळ चुकीचं आर्टिकल पकडते, दुसरी लगेच पुढे आलेलं, -ado किंवा -ido ने संपणारं पुल्लिंगी विशेषण. विशेषणाचा शेवट वेगळा असेल, ते वाक्यात दूर असेल, किंवा पुढच्या वाक्यात नुसतं सर्वनाम असेल, तर हे दोन्ही शोध आंधळे आहेत. तो भाग वाचूनच काढावा लागतो.

बदल फक्त तयार फाईलमध्ये केला आणि ट्रान्सलेशन मेमरीत, म्हणजे आधी केलेली वाक्यं साठवलेल्या फाईलमध्ये, जुनं वाक्य तसंच राहिलं, तर तिसऱ्या मॅन्युअलात तेच इंग्रजी वाक्य आल्यावर ‘मांगितो’ शंभर टक्के जुळणी म्हणून परत समोर येईल, आणि शंभर टक्के दिसलं की माणूस पुढे जातो. म्हणून दुरुस्ती ओमेगाटीच्या प्रोजेक्टमध्येच करा आणि फाईल तिथून पुन्हा तयार करा. पहिल्या दोन मॅन्युअलांची मेमरी पुढच्या कामात वापरायची असेल तर पूर्ण दुरुस्त होईपर्यंत ती `tm/penalty-030` नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. ओमेगाटी त्या फोल्डरमधल्या प्रत्येक जुळणीतून तीस टक्के वजा करतं, त्यामुळे जुनं वाक्य मदतीला दिसतं, पण पक्कं म्हणून दिसत नाही.

ग्लॉसरीत ओळ घालण्याचा आणि बदलण्याचा अधिकार तिघांपैकी एकाकडेच द्या. बाकी दोघांनी प्रश्न एका वेगळ्या शीटवर लिहायचे: पान, पार्ट नंबर, इंग्रजी वाक्य, सुचवलेला शब्द. दर शुक्रवारी बसून ते निकाली काढा आणि नवीन ग्लॉसरी फाईल तिघांना एकदमच द्या. आठवड्याच्या मध्ये फाईल बदलली तर एकाकडे नवी, दोघांकडे जुनी राहते आणि पुन्हा तेच सुरू होतं.

प्रत्येक मॅन्युअल देण्याआधी ‘नको’च्या सगळ्या शब्दांचा तयार स्पॅनिश मजकुरात शोध घ्या. ‘फ्लेचा’ सापडला म्हणजे चूकच असं नाही. पंपावरचा फिरण्याची दिशा दाखवणारा बाण हीसुद्धा ‘फ्लेचा’च, आणि तिथे तो शब्द बरोबर आहे. म्हणून हा शोध माणसाने बघायचा, आपोआप बदलायचा नाही.

दिलेल्या दोन मॅन्युअलांचं काय करायचं हेही सांगते, कारण ती कदाचित डीलरच्या हातात पोचली असतील. सगळं एकदम सुधारायला बसू नका, तिसरं मॅन्युअल अडकेल. आधी इशाऱ्यांचे चार शब्द आणि टॉर्कची वाक्यं दुरुस्त करा. मग स्पेअर पार्ट्सच्या यादीतली नावं, कारण त्यावरून ऑर्डर येतात. उरलेला मजकूर पुढच्या आवृत्तीत. आणि कंपनीला काय बदललं याची यादी पार्ट नंबरसकट लेखी द्या, म्हणजे डीलरकडे जुनी आणि नवी प्रत एकत्र असली तरी ५२४ म्हणजे कोणता तुकडा हे दोघांनाही कळेल.